सुतार ‘उद्या येतो’ म्हणतोय? त्याला पाठवायचा निरोप

वाचकांचा एक प्रश्न थोड्याफार फरकाने सतत येतो. वॉर्डरोबचं काम अर्धवट आहे, सुतार दोन-तीनदा तारीख चुकला आहे, आता फोन उचलत नाही, तर त्याला काय लिहावं? सोबत बहुतेक जण आधी पाठवलेले मेसेजही दाखवतात. ‘काम कधी होणार?’, ‘आज येताय ना?’, ‘अहो, काहीतरी सांगा.’ आणि खाली सुताराचं उत्तर: ‘उद्या येतो ताई.’

या उत्तरात सुताराचा जेवढा दोष आहे, तेवढाच प्रश्नाचाही आहे. ‘कधी होणार?’ असं विचारलं की ‘उद्या’ हे एक उत्तर पुरेसं होतं, आणि ते द्यायला त्याला कुठेही बघावं लागत नाही. तुम्हाला उत्तर हवंय ते दोन गोष्टींचं: काम कशामुळे अडलंय, आणि आता पुढचा प्रत्येक टप्पा कोणत्या दिवशी होणार. निरोप असा लिहायचा की या दोन्हींचं उत्तर देताना त्याला आपल्या साईटवर, मालावर आणि माणसांवर एकदा नजर टाकावीच लागेल.

लिहिण्याआधी: आपली बाजू तपासा

मेसेज टाइप करायला घेण्याआधी दहा मिनिटं कपाटासमोर उभे राहा. काय झालंय आणि काय बाकी आहे ते मोजा, फोटो काढा, दिलेल्या पैशांची बेरीज करा. मग स्वतःला थोडं अडचणीचं वाटेल असं विचारा: यातलं काही माझ्यामुळे तर राहिलं नाही?

हा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. लॅमिनेटचा नंबर ठरवायला तुम्ही आठ दिवस घेतले असतील, मधेच दोन ड्रॉवरचे तीन करायला सांगितले असतील, किंवा सोसायटीने दुपारी कटरचा आवाज बंद ठेवायला लावला असेल, तर ते दिवस तुमच्या खात्यावर आहेत. माझ्या घरचं कपाट रखडलं तेव्हा मी रागाने एक लांबलचक मेसेज लिहिला होता. पाठवण्याआधी बायकोने आठवण करून दिली की हँडल आपण आणून द्यायची होती आणि ती अजून दुकानातच आहेत. मेसेज पाठवला, पण निम्म्याहून लहान करून.

आणखी एक गोष्ट पाहा: काम घेतलं कोणी? पैसे ज्याच्या हातात दिले त्यालाच निरोप पाठवायचा. घरी येणारा कारागीर रोजावर असतो. त्याला जाब विचारून हाती काही लागत नाही. काम इंटिरिअर डिझायनरमार्फत दिलं असेल तर मेसेज डिझायनरला.

कारण का विचारायचं?

अनेकांना वाटतं, कारण कशाला, मला कपाट हवंय. पण पुढे थांबायचं की नाही, हे कारणावरच ठरतं. कपाटाचं काम साधारण चार ठिकाणी अडतं.

- माल. ठरलेलं लॅमिनेट दुकानात संपलंय, बिजागऱ्या आल्या नाहीत.
- माणूस. शटर बसवणारा कारागीर गावी गेलाय. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधले बरेच कारागीर दिवाळी, छठ, होळी आणि लग्नसराईला गावी जातात, आणि परतायची तारीख त्यांची तेच ठरवतात.
- माप. भिंत ओळंब्यात नाही, खोका आणि शटर यांचा मेळ बसत नाही, काहीतरी पुन्हा कापावं लागणार आहे. हे कारण सुतार क्वचितच आपणहून सांगतो.
- पैसा. तुमची उचल आधीच्या कोणाच्या तरी प्लायमध्ये गेली, आणि तुमच्या लॅमिनेटसाठी आता पुढच्या कोणाच्या तरी उचलीची वाट पाहणं चालू आहे.

शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं आणि सगळ्यात कमी वेळा सांगितलं जातं. त्यात प्रत्येक वेळी लबाडी असतेच असं नाही. लहान सुताराकडे खेळतं भांडवल नसतं. तो एका घरची उचल दुसऱ्या घरच्या मालात फिरवत असतो, आणि साखळीत एकाने पैसे थांबवले की तीन घरांची कामं अडतात. पण हे कळलं तर तुमचा निर्णय बदलतो. पैशांची अडचण असेल तर आणखी रोख देण्याऐवजी लॅमिनेट तुम्ही स्वतः दुकानातून घेऊन बिल आपल्या नावावर करून घ्यायचं. माणूस गावी गेला असेल तर तुम्ही लॅमिनेट आणून काही उपयोग नाही.

एक काम आकड्यांसह

समजा, बेडरूममध्ये 7 फूट रुंद आणि 7 फूट उंच कपाट आहे, वर 2 फुटांचा माळा. समोरून मोजलं तर कपाट 49 चौरस फूट, माळा 14, एकूण 63. दर मालासकट 1,500 रुपये चौरस फूट ठरला, म्हणजे 94,500 रुपये. काम 20 सप्टेंबरला संपायचं होतं. मग सुतार 27 म्हणाला, मग 4 ऑक्टोबर. मधे दसराही येऊन गेला. सुरुवातीला 40,000 उचल दिली, सांगाडा उभा राहिल्यावर 25,000, आणि ‘लॅमिनेटसाठी’ म्हणून आणखी 10,000. एकूण 75,000 गेले, 19,500 राहिले. आज 6 ऑक्टोबर. खोके उभे आहेत. चार मोठी शटर, माळ्याची चार छोटी शटर आणि आतले दोन ड्रॉवर बाकी आहेत.

‘लॅमिनेट मिळत नाही’ हे ऐकायला मोठं वाटतं, म्हणून मोजून पाहू. प्लाय आणि लॅमिनेट दोन्ही 8 फूट बाय 4 फुटांच्या शीटमध्ये येतात. 7 फूट उंच आणि 21 इंच रुंद अशी दोन शटर एका शीटमधून निघतात. म्हणजे मोठ्या शटरना दोन शीट, माळ्याच्या छोट्या शटरना तिसरी. बाहेरून लावायचं लॅमिनेट तीनच शीट लागतं, आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट तेवढंच. सहा शीट आणायला टेम्पोची एक फेरी पुरते. तीन आठवडे मिळत नसेल तर एक तर तो नंबर बंद झालाय, नाही तर अडचण लॅमिनेटची नाहीच.

निरोपाचा नमुना

> नमस्कार मिस्त्री. आज 6 ऑक्टोबर.
>
> बेडरूमच्या कपाटाचं काम 20 सप्टेंबरला पूर्ण करायचं ठरलं होतं. नंतर तुम्ही 27 सप्टेंबर सांगितलंत, मग 4 ऑक्टोबर. आज कपाटाचा आणि माळ्याचा खोका उभा आहे. मोठी चार शटर, माळ्याची चार शटर आणि दोन ड्रॉवर बाकी आहेत. फोटो सोबत पाठवतोय. आतापर्यंत 75,000 दिले, 19,500 बाकी आहेत.
>
> दोन गोष्टी सांगा.
>
> 1) काम कशामुळे अडलंय? माल, माणूस, माप, पैसे, की माझ्याकडून काही राहिलंय? जे असेल ते स्पष्ट सांगा.
>
> 2) चार तारखा द्या: लॅमिनेट आणि बिजागऱ्या घरी कधी येणार, शटर कधी तयार होणार, कधी बसणार, सगळं काम कधी पूर्ण होणार.
>
> उद्या संध्याकाळी 7 पर्यंत लिहून किंवा बोलून पाठवा. 14 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण होणार असेल तर मी थांबतो. सगळी शटर बसली की 12,000 देईन, काम पूर्ण झालं की उरलेले 7,500. तारीख वाढवून दिली तरी उशिरामुळे माझा जो खर्च झाला त्याचा हिशोब मी सोडलेला नाही.

हा नमुना जसाच्या तसा उचलू नका. आकडे आणि तारखा तुमच्या घाला, संबोधनही तुम्ही रोज वापरता तेच ठेवा: मिस्त्री, दादा, काका. एरवी ‘दादा’ म्हणणाऱ्या माणसाने अचानक ‘महोदय’ लिहिलं की समोरचा वकिलाचा सल्ला घेतल्यासारखा सावध होतो. सुतार हिंदी भाषक असेल तर मेसेज साध्या हिंदीत लिहा. अनेक कारागिरांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं, म्हणून हाच मजकूर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून सोबत पाठवा. लिखित मात्र पाठवाच, कारण महिन्याभराने व्हॉइस नोटमधली तारीख शोधत बसणं तुम्हालाच जड जाईल.

वेळही पाहा. दुपारी कटर चालू असताना आलेला मेसेज संध्याकाळपर्यंत दहा मेसेजच्या खाली गेलेला असतो. सकाळी आठच्या आत, तो साईटवर निघायच्या वेळी पाठवा.

या ओळी का आहेत?

सुरुवातीच्या जुन्या तारखांमध्ये एकही विशेषण नाही. ‘तुम्ही नेहमी फसवता’ असं लिहिलं की भांडण ‘नेहमी’ या शब्दावर होतं. तीन तारखा ओळीने लिहिल्या की त्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

‘माझ्याकडून काही राहिलंय का’ हे विचारल्याने तुमची बाजू दुबळी होत नाही. उलट पुढे त्याला ‘ताईंनीच रंग ठरवला नव्हता’ असं म्हणता येत नाही, कारण विचारलं तेव्हा तो बोलला नव्हता.

चार तारखा मागण्याचा फायदा असा, की पहिली तारीख दोन दिवसांवर असते. 14 तारखेचं खरं-खोटं 14 तारखेला कळतं, पण लॅमिनेट 8 तारखेला घरी आलं का, हे 8 तारखेलाच. चुकलं तर हातात अजून सहा दिवस असतात.

पैशाच्या ओळीत रक्कम दिसणाऱ्या गोष्टीला बांधली आहे. ‘थोडं काम झालं की देईन’ असं लिहू नका. ‘थोडं’ कुणाचं, यावर पुन्हा वाद. शटर बसलेली दोघांनाही दिसतात.

शेवटचं वाक्य जरा कोरडं वाटेल, पण ते काढू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 मध्ये एक बारकावा आहे. वेळ हाच ज्या कराराचा गाभा आहे, त्यात तारीख उलटल्यावर तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत आणि त्या वेळी नुकसानभरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर नंतर ती मागता येत नाही. घरच्या फर्निचरमध्ये वेळ गाभ्याची होती की नाही, हा वाद होऊ शकतो. एक वाक्य लिहून ठेवलं तर त्या वादाची झळ तुम्हाला बसत नाही. जुन्या घराचं एक महिन्याचं जादा भाडं गेलं असेल तर हे वाक्य तुमच्यासाठीच आहे.

सांगितलेली तारीख खरी आहे का, कसं ओळखाल?

फार लांबची तारीख संशयास्पद, हे कोणीही सांगेल. फार जवळची तारीखही तितकीच वाईट, हे मात्र लोक विसरतात. ‘परवा पूर्ण करून देतो’ ऐकून सुटकेचा श्वास सोडण्याआधी कामाचा क्रम पाहा.

प्लाय कापायचं, दोन्ही बाजूंना लॅमिनेट चिकटवायचं, मग शटर एकावर एक रचून वजनाखाली ठेवायची. हातावर केलेल्या कामात ती निदान एक रात्र, शक्यतो पूर्ण दिवस दाबून राहायला हवीत. दमट हवेत आणखी. मग कडा साफ करून पट्टी लावायची, बिजागऱ्यांची भोकं पाडायची, शटर लटकवून फटी सारख्या करायच्या. दोन माणसं लावली तर आपल्या नमुन्यातल्या कामाला माल आल्यापासून पाच-सहा दिवस लागतात. 8 तारखेला माल आणि 14 ला पूर्ण, हे बेताचं पण जमणारं आहे.

घाईत काय होतं? शटर दाबाखालून लवकर काढली की लॅमिनेट कडेला सुटतं. वेळ आणि पैसा वाचवायला आतल्या बाजूला लॅमिनेट लावलंच नाही, तर एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूला तोलला जात नाही आणि सात फुटांचं शटर काही महिन्यांत धनुष्यासारखं वाकतं. बसवण्याआधी शटर उलटून पाहा, आणि कडेवर डोळा लावून ते सरळ आहे का तेही बघा.

कारणाचीही अशीच पडताळणी करता येते. माल घेतला म्हणत असेल तर बिलाचा फोटो मागा. शटर दुसरीकडे तयार होत आहेत म्हणत असेल तर कापलेल्या शटरचा फोटो, किंवा सरळ ‘बघायला येतो, पत्ता पाठवा.’ काम खरंच चालू असेल तर पत्ता लगेच येतो.

उत्तर आल्यावर तुमच्यापुढचे पर्याय

1. कारण पटलं, चारही तारखा आल्या. ‘ठीक आहे’ एवढंच न लिहिता तारखा परत लिहून पाठवा: ‘8 ला माल, 10 ला शटर तयार, 13 ला बसणार, 14 ला पूर्ण. ठरलं.’ त्याच्या ‘हो’मुळे ही नवी बोली दोघांची होते.

2. कारण पैशाचं निघालं. रोख देऊ नका. माल तुम्ही आणा, बिल तुमच्या नावावर घ्या, आणि ती रक्कम बाकीतून वजा होईल हे मेसेजमध्ये लिहा. सहा शीट आणि बिजागऱ्यांची किंमत दुकानातून आधी विचारा. ती 19,500 च्या जवळ जात असेल तर मजुरीसाठी काही उरतच नाही, आणि मजुरी दिसत नसलेला सुतार पुन्हा येणार नाही. त्याच्याशी हिशोब समोरासमोर बसून करावा लागेल.

3. उत्तर आलंच नाही, किंवा पुन्हा ‘उद्या’ आलं. आणखी एकदा लिहा, फक्त दोन ओळी: ‘6 तारखेच्या मेसेजचं उत्तर मिळालं नाही. 10 ऑक्टोबरपर्यंत काम सुरू झालं नाही तर उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेईन आणि जास्तीचा खर्च तुमच्याकडे मागेन.’ पहिल्याच मेसेजमध्ये ही धमकी दिली असती तर ती पोकळ ठरली असती. आता तिच्यामागे एक न मिळालेलं उत्तर आहे.

तिसऱ्या वाटेचा हिशोब आधी करून पाहा. दुसऱ्याचं अर्धं काम पूर्ण करायला सुतार नाखूश असतात, आणि भाव चढा सांगतात. खोका काटकोनात नसेल तर शटर न जुळण्याचा दोष त्यांच्यावर येईल, ही त्यांची भीती रास्त आहे. समजा नवा सुतार उरलेल्या कामाचे 28,000 मागतो. तुमच्याकडे 19,500 आहेत. 8,500 जास्तीचे गेले, आणि करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे हा फरक पहिल्याकडे मागता येतो. त्यासाठी नव्याचा लेखी भाव, आणि त्याने हात लावण्याआधीचे तारखेसह फोटो जपून ठेवा. 8,500 साठी किती धावपळ करायची, ते तुम्ही ठरवा. मी बहुधा सोडून दिले असते, पण माझ्या घरात दुसरं कपाट आहे.

इथे पाय घसरतो

- सुताराचे कटर, ड्रिल, क्लॅम्प घरात अडकवून ठेवणं. पोट ज्यावर चालतं ती हत्यारं अडवली की तुमची तक्रार मागे पडते आणि त्याची पुढे येते. तो न्यायला आला तर देऊन टाका, देताना फोटो काढा.
- ‘शेवटचे पाच हजार द्या, लगेच येतो’ याला मान तुकवणं. बाकी रक्कम उरलेल्या कामापेक्षा कमी झाली की त्याच्यासाठी तुमचं घर सगळ्यात शेवटी जातं.
- सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव आणि फोटो टाकणं. रागाच्या भरात लिहिलेलं एखादं वाक्य बदनामीचा वाद उभा करू शकतं.
- व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू ठेवणं. ती आजच बंद करा.

हक्क कोणता, आणि कुठे?

ठेक्याने, म्हणजे कपाट करून देण्याच्या बोलीवर काम घेणारा सुतार पैसे घेऊन सेवा देतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. लेखी करार नसला तरी चालतं. मेसेज, यूपीआयचे व्यवहार आणि फोटो यांवरून बोली दाखवता येते. तारीख ठरलीच नसेल तर करार कायद्याचं कलम 46 म्हणतं की काम वाजवी मुदतीत व्हायला हवं. मात्र कारागीर तुम्ही रोजंदारीवर ठेवला असेल आणि माल तुम्हीच आणत असाल, तर दर दिवशी फक्त त्या दिवसाचं काम विकत घेतलंय. तिथे उशिराची तक्रार टिकवणं अवघड.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तिथून समोरच्याशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न होतो. तो लहान सुतार असेल तर त्याचा फारसा परिणाम होईलच असं नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील नेमणं सक्तीचं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 प्रमाणे सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट फोनमध्ये तसंच ठेवा. फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या.

8 तारखेची संध्याकाळ

उत्तर आलं, तारखा ठरल्या, आणि पहिल्या तारखेला संध्याकाळी सहा वाजता घरात लॅमिनेट आलेलं नाही. 14 पर्यंत वाट पाहू नका. त्याच वेळी लिहा:

> मिस्त्री, आज माल येणार होता, आलेला नाही. उद्या दुपारी 12 पर्यंत येणार का? नसेल तर दुकानाचं नाव आणि लॅमिनेटचा नंबर पाठवा, मी स्वतः जाऊन आणतो. त्याचे पैसे बाकीतून कमी होतील.

दुकानाचं नाव मिळालं तर दुकानात फोन करून तो नंबर शिल्लक आहे का आणि तुमच्या कामासाठी कोणी ऑर्डर दिली होती का, तेवढं विचारून घ्या.